उलट्या संख्येची बेरीज आणि हातच्याचे गुपित

अब + बअ = कअक. अंकांऐवजी अक्षरे वापरून मांडलेली ही एक बेरीज आहे. दोन अंकी संख्येत तिचीच उलट केलेली संख्या मिळवली, तर तीन अंकी उत्तर आले. कोणत्या अक्षरामागे कोणता अंक दडला आहे, ते शोधायचे. अशा कोड्याला क्रिप्टॅरिदम म्हणतात. त्याचे नियम मोजके आहेत. एका अक्षराचा अंक संपूर्ण कोड्यात एकच राहतो, दोन वेगळ्या अक्षरांना एकच अंक चालत नाही, आणि कोणत्याही संख्येच्या सुरुवातीला शून्य येत नाही. चांगल्या कोड्याकडून आणखी एक अपेक्षा असते, ती म्हणजे त्याचे उत्तर एकच असावे.

सोडवायला बसताना पहिली अडखळण लिहिण्याच्या पद्धतीमुळे होते. बीजगणितात दोन अक्षरे शेजारी लिहिली की त्यांचा गुणाकार समजायचा, ही सवय शाळेपासून हाताला लागलेली असते. इथे अब म्हणजे अ गुणिले ब नव्हे. अ दशकाच्या घरात आहे आणि ब एककाच्या, म्हणून अब या संख्येची किंमत १०अ + ब इतकी होते. ती उलटी केली की अंक तेच राहतात, फक्त त्यांची घरे बदलतात, आणि किंमत १०ब + अ होते. अंकाची दर्शनी किंमत कायम राहून स्थानिक किंमत बदलते, एवढ्याच गोष्टीवर हे कोडे उभे आहे.

आता बेरीज नेहमीसारखी उभी मांडावी. एककाच्या घरात ब आणि अ मिळवायचे आहेत, दशकाच्या घरात अ आणि ब. म्हणजे दोन्ही घरांत बेरीज एकच, अ + ब. फरक एवढाच की दशकाच्या घरात एककातून आलेला हातचा मिळण्याची शक्यता आहे. कोड्यात तो हातचा कुठे लिहिलेला नसतो. तोही एक अज्ञात आहे, आणि बहुतेक वेळा तोच आधी हाती लागतो, कारण दोन अंकांच्या बेरजेत हातचा एक तरी असतो किंवा नसतो, तिसरी शक्यता नाही. दोन अंकांची जास्तीत जास्त बेरीज ९ + ९ म्हणजे १८, खालून हातचा एक आला तरी १९. हातचा दोन येऊच शकत नाही.

उत्तर तीन अंकी आहे, पण मिळवलेल्या संख्या दोनच अंकी आहेत. शतकाच्या घरात वरून काहीच नाही. मग तिथला क आला कुठून? दशकाच्या घरातून गेलेल्या हातच्यातून. हातचा फक्त एक असू शकतो, म्हणून क = १. कोड्याच्या शेवटच्या घरी पहिला अंक न मोजता मिळाला.

हाच क उत्तराच्या एककाच्या घरातही आहे. म्हणजे अ + ब या बेरजेचा एककाचा अंक १ आहे, तेव्हा अ + ब एकतर १ असेल किंवा ११. बेरीज १ असती तर दोघांपैकी एक शून्य ठरला असता आणि त्याने सुरू होणारी संख्या दोन अंकी राहिली नसती. शिवाय हातचा गेलाच नसता, तर उत्तर तीन अंकी झाले नसते. म्हणून अ + ब = ११. एककाच्या घरात १ लिहिला, हातचा एक दशकात गेला. तिथे पुन्हा ११ आणि हातचा एक, मिळून १२. त्यातला २ दशकाच्या घरात लिहिला, एक पुढे शतकात गेला. उत्तराच्या मधल्या घरात अ आहे, म्हणून अ = २, आणि ११ मधून २ वजा जाता ब = ९. पडताळा घ्यावा: २९ + ९२ = १२१. तिन्ही अक्षरांना वेगळे अंक मिळाले, सुरुवातीला कुठे शून्य नाही, आणि वाटेत एकाही पायरीवर दुसरा पर्याय शिल्लक राहिला नाही. म्हणजे उत्तर एकमेव आहे. पडताळ्यापेक्षा ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. अंदाजाने २९ सापडले तरी पडताळा जुळतोच, पण दुसरे उत्तर नाही याची खात्री अंदाज देत नाही.

हेच समीकरणानेही सुटते. डाव्या बाजूला १०अ + ब आणि १०ब + अ यांची बेरीज ११अ + ११ब. उजव्या बाजूला कअक म्हणजे १०१क + १०अ, आणि क एक असल्याने १०१ + १०अ. दोन्हीकडून १०अ काढून टाकले की अ + ११ब = १०१ उरते. ब ला ९ घेतला तर ९९ होतात आणि अ ला २ उरतो. ब ला ८ घेतला तर अ ला १३ लागतो, जो अंकच नाही. ब याहून लहान घेतला तर अ आणखी मोठा होतो. म्हणजे पुन्हा २९. समीकरणाची वाट आखूड आहे, पण त्यातही क = १ हे हातच्याच्या विचारानेच आले, हे ध्यानात घ्यावे. समीकरणापुढे अंक कसे वागतात ते दिसत नाही. घराघराने केलेल्या मांडणीत ते दिसते. आणि कोड्याची खरी गंमत त्या वागण्यात आहे.

समीकरणातून हाती येणारी एक गोष्ट मात्र बाजूला काढून ठेवण्यासारखी आहे. कोणतीही दोन अंकी संख्या आणि तिची उलटी यांची बेरीज ११ × (अ + ब) असते, म्हणजे तिला ११ ने नेहमी निःशेष भाग जातो. उत्तर १३१ किंवा १४५ असे सांगणारे कोडे पाहताक्षणी चुकीचे ठरवता येते. तीन अंकी संख्येला ११ ने भाग जातो का, हे पाहण्याची खूणही सोपी आहे: कडेच्या दोन अंकांच्या बेरजेतून मधला अंक वजा करावा, ० किंवा ११ उरले तर भाग जातो. १२१ मध्ये २ वजा २, शून्य.

घराघराने पाहिले तर यापेक्षाही नेमके काही सांगता येते. अ + ब दहापेक्षा कमी असेल तर हातचा नाही, आणि दोन्ही घरांत तोच अंक येतो: २३ + ३२ = ५५. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त असेल तर एककाच्या घरात त्या बेरजेतून १० वजा जाऊन उरलेला अंक येतो, आणि दशकाच्या घरात तोच अंक, पण हातच्यामुळे एकाने वाढलेला. म्हणून तीन अंकी उत्तरे ११०, १२१, १३२, १४३ अशा ओळीने चालत १८७ पर्यंत जातात. दोन्ही अंक ९ घेतले तर १९८ ही येते, पण वेगळ्या अक्षरांच्या कोड्यात त्याला जागा नाही. या प्रत्येक उत्तरात मधला अंक शेवटच्या अंकापेक्षा एकाने मोठा आहे. हा जास्तीचा एक म्हणजे हातच्याने मागे सोडलेला माग. कअक मध्ये शेवटी १ असल्याचे कळले की मध्ये २ असणारच, त्यासाठी अ + ब किती हेही काढावे लागत नाही.

आता मूळ कोड्यात अ हा अंक मधोमध आला, तो योगायोग आहे का? मधला अंक म्हणजे अ + ब मधून १० वजा करून हातचा एक मिळवलेला, अर्थात अ + ब – ९. तो अ च्या बरोबरीचा व्हायचा असेल तर ब ९ च असला पाहिजे. म्हणजे दोन अंकांपैकी एक ९ असेल तेव्हा, आणि तेव्हाच, दुसरा अंक उत्तराच्या मधोमध येऊन बसतो: ३९ + ९३ = १३२, ४९ + ९४ = १४३, ८९ + ९८ = १८७. कोडे रचणाऱ्याने मध्ये अ लिहिला तेव्हाच ब = ९ असल्याचे उघड केले होते. सराव झालेला माणूस कोड्याकडे बघूनच ते ओळखतो.

यावरून कोडे कशाने बिघडते हेही समजते. अब + बअ = कअड असे लिहिले, म्हणजे शेवटचे अक्षर क ऐवजी वेगळे ठेवले, तर ब = ९ आणि क = १ पक्के राहतात, पण अ ला ३ पासून ८ पर्यंत कोणताही अंक चालतो. एका उत्तराची सहा झाली. आणखी सैल करून अब + बअ = कडइ केले, पाचही अक्षरे वेगळी, तर ९ वापरताच येत नाही, कारण मग मधला अंक अ किंवा ब शी जुळून जातो. शेवटी १३२ साठी ४८ आणि ५७, १४३ साठी ५८ आणि ६७, १५४ साठी ६८, १६५ साठी ७८ असे सहा अंक-जोड उरतात. त्यांतला प्रत्येक उलटाही चालतो, म्हणून उत्तरे बारा. अब च्या जागी बअ लिहिले तरी बेरीज तीच राहते, तेव्हा उत्तरात अ किंवा ब यांपैकी एकही अक्षर नसेल तर उत्तरे नेहमी जोडीनेच येणार. असे कोडे छापणे म्हणजे सोडवणाऱ्याचा वेळ फुकट घालवणे होय. उलट टोकाला अब + बअ = कडअ हे कोडे आहे. एककाच्या घरात ब आणि अ मिळवून पुन्हा अ आला, म्हणजे ब शून्य हवा. पण बअ ही संख्या ब ने सुरू होते, आणि सुरुवातीला शून्य चालत नाही. या कोड्याला उत्तरच नाही, आणि ते सांगायला एका घरापुढे जावे लागत नाही.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले कोडे इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनी यांनी १९२४ साली ‘स्ट्रँड मॅगझिन’ या मासिकात दिले. त्यातल्या अक्षरांतून पैसे मागणारा तारेसारखा मजकूर तयार होतो: SEND + MORE = MONEY. क्रिप्टॅरिदम हे नाव मात्र त्यानंतरचे. १९३१ मध्ये बेल्जियममधल्या ‘स्फिंक्स’ या गणितरंजनाच्या नियतकालिकात ‘मिनोस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने ते वापरात आणले. ड्यूडनींच्या कोड्यात आठ वेगळी अक्षरे आहेत. आठ अक्षरांना दहा अंक वाटण्याचे मार्ग १८,१४,४०० होतात. एकेक करून पाहायचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. हातच्याने ते पाच-सहा पायऱ्यांत सुटते, आणि त्यातल्या दोन पायऱ्या वर येऊन गेल्याच आहेत.

चार अंकी संख्यांची बेरीज पाच अंकी झाली, म्हणून पहिला अंक हातच्यातून आलेला, एम = १. आता हजारांच्या घरात एस आणि १ यांची बेरीज पुढे हातचा देते, तेव्हा एस ८ किंवा ९ हवा आणि उत्तरातला ओ हा ० किंवा १. पण १ वापरला गेला आहे, म्हणून ओ = ०. शतकाच्या घरात ई मध्ये हा शून्य मिळवला तर ई च राहायला हवा होता, पण उत्तरात एन आला. अर्थात खालून हातचा एक आला आहे आणि एन हा ई पेक्षा एकाने मोठा आहे. १२१ च्या मधल्या घरात दिसलेला तो जास्तीचा एक इथेही तसाच दिसतो. शतकातून पुढे हातचा जायला ई ९ असायला हवा होता, पण मग एन शून्य झाला असता, आणि शून्य ओ ने घेतला आहे. म्हणून पुढे हातचा नाही, आणि एस = ९. दशकाच्या घरात एन आणि आर मिळून ई येतो आणि एक पुढे जातो. एन ई पेक्षा एकाने मोठा असल्याने आर ९ असेल, किंवा एककातून हातचा आला असेल तर ८. नऊ संपला आहे, म्हणून आर = ८, आणि एककातून हातचा आला हेही सिद्ध झाले.

आता २ ते ७ एवढेच अंक शिल्लक. एककाच्या घरात डी आणि ई यांची बेरीज दहाच्या वर आहे, आणि तिचा एककाचा अंक वाय ० किंवा १ असू शकत नाही, तेव्हा ती निदान १२ हवी. उरलेल्या अंकांतून तशी बेरीज ५ आणि ७ किंवा ६ आणि ७ यांचीच होते. ई ७ घेतला तर एन ८ होतो, तो आर ने घेतलेला. ई ६ घेतला तर एन आणि डी दोघेही ७ होतात. म्हणून ई = ५, एन = ६, डी = ७, वाय = २. बेरीज अशी: ९५६७ + १०८५ = १०६५२.

उलट्या संख्येची बेरीज सोडून वजाबाकी घेतली तर हातचा दिशा बदलतो. अब – बअ मध्ये अ मोठा धरला, तर एककाच्या घरात लहान ब मधून मोठा अ वजा करायचा आहे, आणि ते दशकाकडून एक उसना घेतल्याशिवाय जमत नाही. एककात १० + ब – अ उरतात. दशकात एक उसना गेल्यामुळे अ – १ – ब उरतात. या दोन्ही अंकांची बेरीज केली तर अ आणि ब दोघेही नाहीसे होतात आणि ९ उरतो. म्हणजे उत्तर ०९, १८, २७, ३६ अशा नऊच्या पाढ्यातच असणार. बेरजेत मधला अंक एकाने मोठा, वजाबाकीत दोन अंकांची बेरीज ९. दोन्ही नियम त्या एकाच एकमधून निघाले आहेत.

अंक उलटसुलट करून वजा करण्याच्या खेळाला देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांनी जगभर ओळख मिळवून दिली. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की, चारही अंक सारखे नसतील तर, ६१७४ वर थांबायला होते, हा त्यांचा शोध. दोन अंकांत हीच कृती म्हणजे वरची अब – बअ. ती कुठे थांबत नाही. ०९ पासून सुरुवात केली तर ९० – ०९ = ८१, मग ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे फेरे चालू राहतात. मात्र इथे ०९ हा शून्य धरून दोन अंकी मानावा लागतो, आणि क्रिप्टॅरिदमच्या नियमात ते बसत नाही.

ही अट किती काम करते, ते वाचकांना पुढच्या कोड्यात स्वतः अनुभवता येईल: अब – बअ = कअ. एककाच्या घरातून १० + ब हे अ च्या दुप्पट असल्याचे मिळते, म्हणून ब सम आहे. याची तीन उत्तरे आहेत. ६२ – २६ = ३६ हे एक झाले. दुसरी दोन शोधावीत, आणि ९८ – ८९ हे चौथे उत्तर का धरायचे नाही, तेही पाहावे.